वर्कशॉपमध्ये ॲसिड सांडलं तर: पहिली दहा मिनिटं, कोणी काय करायचं आणि कळवायचं कुणाला

लोखंडी सामानाचा गंज काढायला हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरणाऱ्या छोट्या शेड गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, थिवीसारख्या औद्योगिक वसाहतींत आढळतात. चारपाच माणसं, पिकलिंगच्या, म्हणजे सामान ॲसिडात बुडवायच्या दोन टाक्या आणि भिंतीकडेला ३५ लिटरचे निळे कॅन, म्हणजे कार्बॉय. इथे आपण एकच प्रसंग धरू. कार्बॉय हलवताना आडवा झाला, बूच निघालं आणि दहा लिटर ॲसिड फरशीवर आलं. शेडमध्ये सुपरवायझर, दोन हेल्पर आणि एक वेल्डर आहेत.

यातला अर्धा निकाल आधीच लागलेला असतो. फरशीचा उतार कुठे आहे ते आज बघून ठेवा. कार्बॉय ठेवता तिथे बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. बहुतेक शेडमध्ये ते दाराजवळच्या गटारात जातं आणि तिथून व्हाळात. त्या गटाराच्या तोंडाशी, पण कार्बॉयपासून लांब, तीन गोष्टी कायम हव्यात: प्लॅस्टिकच्या गोणीत अर्धीच भरलेली नदीची वाळू, अशा चार गोण्या; झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये २५ किलो सोडा ॲश; आणि प्लॅस्टिकचं फावडं. गोणी अर्धी भरायची कारण ती खड्ड्यात नीट बसते, गच्च भरलेली गोणी कडेने गळते. किनाऱ्याची रेती आणू नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो ॲसिडात फसफसतो आणि बांध पोकळ होतो. सोड्याचा ड्रम मे महिन्यात उघडून पाहायचा. आपल्या दमट हवेत उघडी गोणी ओल धरून दगड होते आणि ऐनवेळी ती फोडायला कोणी मोकळं नसतं.

आता सांडलं. ज्याला आधी दिसतं त्याने ओरडायचं: "ॲसिड सांडलंय, बाहेर व्हा!" आणि स्वतःही मागे सरायचं. पुसायला खाली वाकायचं नाही. हायड्रोक्लोरिकची वाफ हवेहून जड असते आणि ओल्या हवेत पांढरं धुकं करून जमिनीलगत पसरते, म्हणून वाकणाऱ्यालाच ती आधी लागते.

सुपरवायझरने दारातून दोन गोष्टी बघायच्या: धुकं कुठवर आलंय आणि कुणाला लागलंय का. दारात उभं राहून घशाला खवखव होत असेल, किंवा सांडणं अजून चालूच असेल, तर आत कोणी जायचं नाही. सगळ्यांनी वारा जिकडून येतो त्या बाजूला जायचं आणि १०१ किंवा ११२ लावायचा. अग्निशमन दलाला बोलावण्यात कमीपणा नाही. कमीपणा वाटतो म्हणून आत गेलेला माणूस मात्र आडवा होतो. दहा लिटर, दारं-खिडक्या उघडी, धुकं जागच्या जागी आणि संरक्षणाची साधनं हाताशी, एवढं असेल तरच पुढचं आपण करायचं.

वेल्डरने मेन स्विच बंद करून बाहेर यायचं; तो स्विच डबक्यापलीकडे असेल तर तसाच सोडायचा. वेल्डिंग मात्र लगेच थांबायला हवं, कारण ॲसिड जस्त किंवा लोखंडाला लागलं की हायड्रोजन सुटतो. म्हणूनच जस्त चढवलेली जीआयची बादली आणि लोखंडी फावडं इथे चालत नाही. बाहेर आल्यावर वेल्डरने माणसं मोजायची, रस्ता अडवायचा आणि फोन हातात धरायचा. त्याचं काम एवढंच.

दोघा हेल्परनी रबरी किंवा पीव्हीसी हातमोजे, गॉगल आणि त्यावर फेस शिल्ड, एप्रन, गमबूट चढवायचे. पँटचा पाय बुटाच्या बाहेर ठेवायचा, नाहीतर पायावरून ओघळलेलं ॲसिड बुटात साचतं आणि तिथेच भाजत राहतं. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून ही वाफ अडत नाही. ॲसिड गॅसचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. तो नसेल तर आत जाऊ नका. एकटा कोणी आत जायचा नाही.

पहिला हेल्पर थेट गटाराकडे. आधी कार्बॉय का नाही? फरशीवरचं ॲसिड दहा मिनिटांनीही फरशीवरच असतं, गटारात गेलेलं परत येत नाही. गटाराचं तोंड दोन गोण्यांनी बंद, उरलेल्या दोन उताराच्या बाजूला आडव्या. मग दुसऱ्याने कार्बॉय सुलटा करून बूच लावायचं.

त्यानंतर सोडा. ३० ते ३३ टक्के ॲसिडच्या एका लिटरला साधारण ६०० ग्रॅम सोडा ॲश धरा, म्हणजे दहा लिटरला सहा किलो. खायचा सोडा असेल तर लिटरला ९०० ग्रॅम. धुण्याच्या सोड्याच्या खड्यांत पाणीच जास्त, म्हणून तो दीड किलो लागतो. कडेकडेने वर्तुळात टाकत मध्याकडे यायचं, मूठमूठ. एकदम गोणी उलटली तर फेस उसळतो आणि ॲसिडचे बारीक थेंब चेहऱ्यावर येतात. दहा लिटरमधून हजारावर लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून दारं उघडी हवीतच. फसफस थांबली म्हणजे झालं असं नाही. ढवळून पुन्हा सोडा टाका आणि पीएच पट्टी ६ ते ८ दाखवेपर्यंत थांबा.

सगळ्यात मोठी चूक पांढऱ्या पावडरीची. पावसाळ्यात विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर चुन्यासारखीच दिसते. ती ॲसिडवर पडली की क्लोरीन सुटतो, तो हायड्रोक्लोरिकच्या वाफेहून वाईट. ती पावडर शेडमध्ये ठेवूच नका. कळीचा चुना आणि कॉस्टिकही नको, ते इतकं तापतात की ॲसिड उडतं. लाकडाचा भुसाही नको. आणि पाण्याचा पाइप लावून धुऊन टाकणं म्हणजे दहा लिटरचं शंभर लिटर करून व्हाळात सोडणं.

अंगावर उडालं असेल तर कपडे कापून काढा, डोक्यावरून ओढू नका. वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून. त्वचेवर सोडा लावायचा नाही. पाणी चालू असतानाच वेल्डरने १०८ लावायचा आणि ॲसिडची सुरक्षा माहितीपत्रिका रुग्णाबरोबर इस्पितळात पाठवायची.

कळवणं हे मालकाचं काम, हेल्परचं नाही. फोनवर वसाहतीचं नाव, प्लॉट नंबर, ॲसिडचं नाव व टक्केवारी, किती लिटर, गटारात गेलं की नाही आणि जखमी किती, एवढं आधी सांगायचं. कसं घडलं ते नंतर. गटारापर्यंत थेंबही गेला असेल तर गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवणं १९७४ च्या जल कायद्याने बंधनकारक आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या फील्ड मॅनेजरला आणि व्हाळाच्या खालच्या अंगाला शेती-विहीर असलेल्यांनाही लगेच सांगा. सांडलेलं ॲसिड टाकीतलं वापरलेलं असेल तर ते घातक कचऱ्यात मोडतं. मग मंडळाला आधी फोन आणि ईमेल, नंतर २०१६ च्या घातक कचरा नियमांतला अपघाताच्या अहवालाचा फॉर्म ११. कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर कारखाने व बाष्पके निरीक्षणालयाला नोटीस द्यावी लागते. पंचनामा होईल म्हणून दोन दिवस वाट पाहणारे मालक नंतर सांडण्यापेक्षा लपवल्याबद्दल जास्त उत्तरं देत बसतात.

उरलेला चिखल प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरा. झाकण पहिला दिवस सैल ठेवा, आत गॅस सुटत असतो. ड्रमवर नाव, तारीख आणि किलो लिहा आणि ९० दिवसांच्या आत अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवून मॅनिफेस्टची, म्हणजे कचऱ्याबरोबर जाणाऱ्या कागदाची प्रत फाइलला लावा. फरशीवर पांढुरके खड्डे पडले असतील तर सिमेंट खाल्लं गेलंय. तिथे पुन्हा कार्बॉय ठेवण्याआधी ॲसिडप्रूफ टाइल बसवा.