पीएच मीटरमुळे राहिलेली प्रॅक्टिकल्स: को-ऑर्डिनेटर मॅडमना ईमेल पाठवण्याआधी

ईमेल लिहायला बसण्याआधी जर्नलमधलं बफरच्या रीडिंगचं पान समोर ठेवा. एसवायला असताना आमच्या टेबलाची दोन प्रॅक्टिकल्स लागोपाठ दोन आठवडे बुडाली. ‘मीटर खराब होता’ एवढंच मी कळवलं, तेव्हा मॅडमनी विचारलं, बाकीच्या टेबलांवर रीडिंग आली, मग तुमच्याकडे का नाही? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर पहिल्याच ईमेलमध्ये असायला हवं होतं.

ते उत्तर त्या पानावरच होतं. मीटर 7.00 च्या बफरवर लावून घेतला, पण 4.00 च्या बफरमध्ये तो 4.90 दाखवत होता. म्हणजे 3 एककांच्या फरकातला 2.10 च दिसत होता, जेमतेम 70 टक्के. चांगला इलेक्ट्रोड 95 टक्क्यांच्या वर देतो. आता हेच पुढे नेऊन पाहा. ॲसिटिक ॲसिडचा pKa 4.76, म्हणजे 7 पेक्षा 2.24 ने खाली. त्याचे 70 टक्के 1.57, म्हणून आमच्या आलेखावर 5.43 च्या आसपास आकडा यायला हवा होता, आणि आला 5.4. समतुल्य बिंदूचं आकारमान मात्र शेजारच्या टेबलाइतकंच आलं, कारण पीएचची उडी ब्युरेटच्या त्याच रीडिंगला दिसते, फक्त बुटकी दिसते. टायट्रेशन नीट झालं होतं, दोष इलेक्ट्रोडचा होता, हे या दोन आकड्यांवरून कळतं. त्या पानाचा फोटो जोडा.

मग दोन्ही दिवस वेगळे लिहा. पहिल्या आठवड्यात प्रयोग झाला पण उत्तर चुकलं. दुसऱ्या आठवड्यात 4.00 च्या बफरला 5.1 आल्यावर लॅब असिस्टंट दादांनी इलेक्ट्रोड काढून घेतला, दुसरा मोकळा नव्हता, त्यामुळे प्रयोग सुरूच झाला नाही. हजेरी दोन्ही दिवस आहे, हे आवर्जून नोंदवा, नाहीतर गैरहजर समजलं जातं. दादांना कधी सांगितलं ती वेळ लिहा, पण त्यांच्यावर ठपका येईल असा एकही शब्द नको. इलेक्ट्रोड कोरडा पडला की असं होतं, आणि तो कुणाच्या हातून कोरडा राहिला हे आपल्याला माहीत नसतं.

मागणी नेमकी हवी. आपल्या वेळापत्रकात मोकळ्या असलेल्या दोन वेळा शोधा आणि त्या वेळी कोणती बॅच लॅबमध्ये असते ते विचारून ठेवा. जुनं सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्यामुळे ते पुन्हा प्रमाणित करावं लागेल. तो वेळही धरून मागा. मी शेवटी पाठवलेला मजकूर असा होता:

“मॅडम, टेबल 4 वरच्या इलेक्ट्रोडमधल्या दोषामुळे आमची पीएचमितीची दोन प्रॅक्टिकल्स राहिली आहेत. दोन्ही दिवस आम्ही हजर होतो. बफरची रीडिंग जोडली आहेत. गुरुवारी किंवा शनिवारी दुपारी, दुसऱ्या बॅचसोबत, तपासलेला इलेक्ट्रोड मिळाल्यास आम्ही ती पूर्ण करू. एकच वेळ देता येत असेल, तर न झालेलं दुसरं प्रॅक्टिकल आधी करू द्यावं, ही विनंती.”

खाली दोघांचे रोल नंबर आणि बॅच लिहा, आणि जर्नल सर्टिफाय होण्याच्या तारखेआधी पाठवा.