जोडीदाराचं जुनं प्रेम मनातून जात नाही? मग या चुका टाळा

गोव्यात जोडीदाराचा ‘आधीचा’ किंवा ‘आधीची’ फारशी लांब नसते. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गाठ पडते, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात पंगतीत समोर येऊन बसते. कॉलेजं मोजकी, तालुके छोटे आणि नातेवाइकांची जाळी एकमेकांत अडकलेली. त्यामुळे ‘डोळ्यांआड ठेवलं की विसरशील’ हा सल्ला इथे चालत नाही. मनातली असुरक्षितता कमी करायची तर ती व्यक्ती अधूनमधून दिसणारच, हे धरूनच चालावं लागतं.

एक जोडपं डोळ्यांसमोर ठेवू. हे कुणा एकाचं वर्णन नाही, समुपदेशनाच्या खोलीत पुन्हापुन्हा ऐकू येणाऱ्या गोष्टींतून जुळवलेलं आहे. तो फोंड्याचा, वेर्ण्याला कारखान्यात नोकरीला. ती डिचोलीची, शाळेत शिकवते. पणजीत कॉलेजला असताना वर्गातल्या एका मुलावर तिचं प्रेम होतं. साखरपुड्याआधीच तिने ते सांगितलं आणि तोही ‘त्याचं काय एवढं’ म्हणाला, तेही मनापासून. लग्नानंतर म्हार्दोळच्या जत्रेत खाज्यांच्या दुकानापाशी तो मुलगा भेटला. दोघांनाही नमस्कार करून, चार शब्द बोलून निघून गेला. त्या रात्री दिवे मालवल्यावर नवऱ्याने विचारलं, “किती वर्षं होता गं तुम्ही एकत्र?” उत्तर त्याला माहीत होतं.

“तीन. सांगितलंय ना तुला.”

“कुठे जायचात फिरायला?”

“मिरामारला. एक-दोनदा दिवाडीला, फेरीबोटीने.”

पुढच्या आठवड्यात प्रश्न फेरीबोटीवरच अडकला. पावसाळा होता का, स्कूटर कुणाची होती, हात धरला होता का. तिने पहिल्यांदा नीट सांगितलं, मग कंटाळून सांगितलं, मग रडत सांगितलं. महिन्याभरात त्याच्या डोक्यात त्या फेरीची एक फिल्मच तयार झाली. तिच्या स्वतःच्या आठवणीत तेवढे बारकावे नव्हते.

सगळं कळलं की मन शांत होईल, असं मानणं

सगळ्यांत मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बहुतेक चुका हिच्यातूनच निघतात. प्रश्न विचारायच्या आधी छातीत कोंडल्यासारखं होतं. उत्तर मिळालं की दहा-पंधरा मिनिटं मोकळं वाटतं. नेमका तो मोकळेपणाच घात करतो. अस्वस्थ वाटलं की विचारायचं, विचारलं की बरं वाटतं, हे मेंदू शिकतो आणि पुढच्या वेळी अस्वस्थता आणखी लवकर येते. शिवाय प्रत्येक उत्तर नवा कच्चा माल पुरवतं. ‘दिवाडी’ हा शब्द मिळेपर्यंत फेरीबोटीचा त्रास नव्हताच.

मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, हात पुन्हापुन्हा धुण्यामागे किंवा कुलूप चारदा तपासण्यामागे हेच चक्र असतं. म्हणून जोडीदाराचा भूतकाळ उकरणाऱ्या प्रत्येकाला ओसीडी आहे असं मुळीच नाही. पण चक्र सारखं असल्यामुळे त्यावरचा उपायही तिथूनच घेता येतो.

पण मग काहीच विचारायचं नाही का? विचारायचं, पण आधी प्रश्न ओळखायचा. एका प्रकारच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की तो संपतो. अजून संपर्क आहे का, आधी लग्न झालं होतं का आणि असल्यास घटस्फोट रीतसर झालाय का, काही कर्ज किंवा देणं बाकी आहे का, लैंगिक आजाराची तपासणी केली आहे का. हे विचारायलाच हवं आणि शक्यतो लग्नाआधी. गोव्यात तर नक्कीच, कारण लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक होते. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला मात्र शेवटच नसतो. ‘त्याच्यासोबत जास्त हसायचीस का?’ याला ‘नाही’ म्हटलं तर ती खोटं बोलते असं वाटतं आणि ‘हो’ म्हटलं तर झोप जाते. कुठलंही उत्तर पुरणार नसेल, तर तो माहिती विचारणारा प्रश्न नाही. तोंडाने विचारलेली धास्ती आहे.

असा प्रश्न ओठांवर आला की वहीत लिहा, वेळ टाका आणि अर्धा तास थांबा. जोडीदाराला विचारू नका, फोन उघडू नका, मनातल्या मनात उत्तरही जुळवत बसू नका. कोंडल्यासारखं वाटणं आधी वाढेल, मग आपोआप ओसरायला लागेल. बहुतेकांना हे खरंच वाटत नाही, कारण ते कधी ओसरू दिलेलंच नसतं. अर्धा तास जमला की ‘उद्या सकाळी बघू’ इथपर्यंत न्या. सकाळी चहा घेताना वही उघडली की कितीतरी प्रश्न विचारायची इच्छाच राहिलेली नसते. जे उरतील ते खरंच माहितीचे आहेत का, ते दिवसाच्या उजेडात ठरवणं सोपं जातं. रात्री अकरानंतर भूतकाळावर बोलायचं नाही, एवढा एक नियम केला तरी निम्मी भांडणं टळतात, असा माझा अनुभव आहे.

आठवण येईल ती जागा टाळणं

आपल्या फोंडेकराने दिवाडी बंद केली. मग मिरामार. मग पणजीतलं ते कॉलेज ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता. टाळल्याने त्या दिवशी बरं वाटतं, पण जागा मात्र दर वेळी अधिक भयंकर होत जाते. एवढ्याशा राज्यात असं टाळत गेलं तर शेवटी घरच उरतं.

उपचारात याच्या उलट करतात. ज्याने अस्वस्थ वाटतं त्याच्यासमोर पायरीपायरीने जायचं आणि नेहमीची सुटका करून घ्यायची नाही. त्याने पहिल्यांदा जुन्या गोव्याच्या धक्क्यावर नुसतं उभं राहून दोन फेऱ्या येता-जाताना पाहिल्या. पुढच्या रविवारी एकटाच पलीकडे जाऊन आला. त्यानंतर दोघं मिळून गेली. अट एकच होती, वाटेत किंवा घरी आल्यावर ‘इथेच बसला होतात का’ हा प्रश्न नाही. त्या दिवशी त्याला त्रास झालाच. पण त्या मिनिटाला समोर गाड्या होत्या, शेजारी कुणाच्या पिशवीतली सुकी मासळी होती आणि बायको सावली शोधत होती. डोक्यातली फिल्म आणि ही फेरी यांचा मेळ काही बसेना. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो बेटावरच्या घरांबद्दल बोलायला लागला.

‘विचारच करायचा नाही’ असं ठरवणं हेही टाळणंच आहे, आणि ते टिकत नाही. विचार दाबला की तो जास्त जोराने उसळतो. आला तर येऊ द्यावा, फक्त त्याच्या मागे प्रश्न घेऊन धावू नये.

रात्री त्याचं किंवा तिचं प्रोफाइल उघडणं

इन्स्टाग्रामवर शोधायला बोट लावलं की अलीकडे शोधलेली नावं वरच दिसतात. ते एक नाव तिथे सतत पहिलं असेल, तर गोष्ट कुठपर्यंत गेलीय ते तुम्हालाच कळेल. ती यादी पुसा आणि खातं ब्लॉक करा. यात अपमान कुणाचा होत नाही, तुमचं बोट तेवढं अडतं. जोडीदाराचे जुने फोटो पुसायला लावणं ही मात्र वेगळी गोष्ट. त्याने मिळणारी शांतीही पंधरा मिनिटांचीच असते, आणि पुसलेल्या फोटोची कल्पना फोटोपेक्षा वाईट असते.

मोजपट्टी घेऊन बसणं

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 साली मांडलं होतं की एखाद्या गोष्टीला ठोस माप नसेल तर माणूस स्वतःला दुसऱ्या माणसांशी ताडून बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच माणसांशी. फरक जितका मोठा, तितकी तुलना सैल. चांगला नवरा किंवा चांगली बायको असण्याला कुठलं आलंय माप? म्हणून पोर्तुगालला निघून गेलेल्यापेक्षा शेजारच्या वाड्यावरचा, आपल्याच वयाचा, आपल्याएवढाच पगार असलेला जास्त बोचतो.

या तुलनेत हिशेबच चुकीचा असतो. समोरच्याच्या बाजूला त्याचे निवडक तुकडे असतात, म्हणजे उंची, गिटार, जत्रेत दिसलेला हसरा चेहरा. आपल्या बाजूला मात्र सगळंच, सर्दी, हप्ते आणि काल सासूबाईंशी झालेली खटकाखटकीसुद्धा. शिवाय जोडीदाराने निवड करताना ही मोजपट्टी वापरलीच नव्हती. आपल्या माणसाने ‘तो व्यायामशाळेत जायचा’ एवढं ऐकून वर्षाची फी भरली आणि एका मित्राने तर गाडीही तशीच घेतली. व्यायाम चांगलाच, पण दुसऱ्याला हरवायला केलेला व्यायाम रोज त्याचीच आठवण करून देतो.

इथे करण्यासारखं एक काम आहे. तुलना सुरू झाली की ती नेमकी कशाची आहे ते एका ओळीत लिहा. ‘तो माझ्यापेक्षा चांगला होता’ नको, ‘तो चारचौघांत न लाजता बोलायचा, मला जमत नाही’ असं. मग स्वतःला विचारा की तो माणूस जगात नसताच, तर ही गोष्ट मला स्वतःसाठी हवी असती का? हवी असेल तर त्यावर काम करा. नसेल तर ओळ खोडा. बऱ्याच ओळी खोडल्या जातात. उरलेली एखादी मात्र लग्नाच्या किती तरी आधीपासूनची असते, शाळेतली किंवा भावंडांमधली, आणि तिच्याशी त्या बिचाऱ्या तिसऱ्या माणसाचा काही संबंध नसतो.

समोरच्याने समजूत घालत राहणं

प्रेमापोटी ती म्हणत राहिली, “अरे तो काहीच नव्हता.” हे खोटं होतं, आणि नवऱ्यालाही ते कळत होतं. तीन वर्षं टिकलेलं नातं ‘काहीच नव्हतं’ म्हटलं की उलट संशय वाढतो. नंतर दोघांनी शांत दिवशी बसून एक वाक्य ठरवलं: “याचं उत्तर मी दिलंय. आता परत दिलं तर तुलाच त्रास होईल. मी इथेच आहे.” प्रश्न आला की एवढंच, न चिडता. पहिले काही आठवडे त्याला हे टाळाटाळ वाटलं आणि प्रश्न वाढले. असं होतंच. तिथे ती एकदा जरी घसरून उत्तर देऊन बसली असती, तरी ‘जोर लावला की मिळतं’ हे तो शिकला असता.

हे सगळं तेव्हाच लागू पडतं, जेव्हा भूतकाळ खरोखर भूतकाळ असतो. लपवून संपर्क चालू असेल, तर तुमची धास्ती आजार नाही आणि वही लिहून ती जाणारही नाही. तिथे समोरासमोर बोलावं लागतं. दुसऱ्या बाजूनेही एक रेघ आहे. फोनचा पासवर्ड मागणं, नोकरी सोडायला लावणं, माहेरी जाऊ न देणं, हात उगारणं याला असुरक्षितता म्हणून पोटात घालू नये. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. आणि दिवसातला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ याच विचारात जात असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा किंवा 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे जोडीदाराची कहाणी सांगत बसू नका. दिवसातून किती वेळा विचारता, किती वेळा तपासता आणि त्यानंतर किती वेळ बरं वाटतं, एवढं सांगितलं तर डॉक्टरांना पुढचं लवकर कळतं.