जाग येताच छातीत धडधड होते? सकाळच्या या चुका टाळा

जाग येते, पोटात गोळा येतो, छाती धडधडू लागते आणि त्यानंतर मन या धडधडीचे कारण शोधायला निघते. हा क्रम नीट लक्षात घ्यावा. जाग आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरातील कॉर्टिसोल या संप्रेरकाचे प्रमाण निसर्गतःच वाढते. दिवसाच्या कामासाठी शरीराची ही तयारी बहुतेकांमध्ये होत असली, तरी आधीच काळजीने पोखरलेल्या माणसाला शरीरातील ही हालचाल संकटाची चाहूल वाटू शकते.

म्हणूनच पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अंथरुणात पडून कारण शोधत बसणे. माझ्या मावसबहिणीला सहाचा गजर असूनही पाचलाच जाग येत असे. किती वाजले हे पाहण्यासाठी ती उशाशी ठेवलेला फोन उचले, ऑफिसच्या ग्रुपवरील रात्रीचा एखादा संदेश दिसे आणि पुढचा तासभर ती साहेबांशी मनातल्या मनात वाद घाली. अखेर तिने फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून खोलीत साधे गजराचे घड्याळ ठेवले, तेही तोंड भिंतीकडे करून. जाग आल्यावर काही मिनिटांत पुन्हा डोळा लागला नाही, तर उठायचे, एवढाच नियम तिने पाळला.

दुसरी चूक भल्या हेतूने होते. ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगितले की घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास ओढतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि भीती आणखी वाढते. मुंग्या येणे ही श्वास अती होत असल्याची खूण समजावी. नाकाने चार अंक मोजेपर्यंत अलगद श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा; पोटावर ठेवलेला हात हलावा, खांदे मात्र उचलले जाऊ नयेत. पाच मिनिटे पुरतात. मोजताना दम कोंडत असेल, तर तीन आणि चार अंक घ्यावेत.

बहीण हे गॅलरीत, उजेडाकडे तोंड करून बसून करते. मग वहीत काळजीची एकच ओळ लिहून तिच्यापुढे वेळ टाकते : ‘अहवालाचे साहेबांना विचारणे, ११ वाजता.’ त्यानंतर नळाचे पाणी भरायचे. रिकाम्या पोटी दोन कप कडक चहा घेण्याची सवयही तिने मोडली, कारण कॅफीनने धडधड वाढते. आता आधी पोळीचा घास, मग अर्धा कप.

पहिल्या आठवड्यात तिला फारसा फरक जाणवला नाही. धडधड यायचीच, फक्त ती लवकर ओसरू लागली.

मात्र पहाटेची जाग, उदासी आणि कशातच रस न वाटणे दोन आठवडे टिकले, तर डॉक्टरांना भेटावे. थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. छातीत दाब, घाम आणि हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर श्वास मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे.