एमटीटीएफ म्हणजे एक्स्पायरी डेट नव्हे: हिशेबातल्या या चुका टाळा

पंपाच्या कागदावर ‘एमटीटीएफ ८,००० तास’ असं छापलेलं असलं की बेळगावच्या उद्यमबागेत निम्मी पोरं एकच अर्थ काढतात: ८,००० तास बघायला नको. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. एमटीटीएफ म्हणजे बिघाड होईपर्यंतच्या चालू तासांची सरासरी, हमी नव्हे. बिघाडाचा दर कायम एकसारखा धरला तर t तासांपर्यंत टिकण्याची शक्यता, म्हणजे R(t), काढायचं सूत्र असं आहे:

```
R(t) = e^(-t/MTTF)
```

यात t च्या जागी ८,००० घाला. उत्तर येतं ०.३७. म्हणजे असे १०० पंप लावले तर ८,००० तासांपर्यंत सुमारे ३७ टिकतील, ६३ त्याआधीच गेलेले असतील.

इथल्याच एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसचा पंप ३,००० तासांच्या आसपास गेला. मेंटेनन्सच्या पोरानं ८,००० तासांवर ‘पंप बदलणे’ अशी तारीख टाकून ठेवली होती, आणि तोवर लागणार नाही म्हणून स्पेअर मागवलाच नव्हता. पंप पुण्याहून येईपर्यंत प्रेस उभा, ऑर्डर अडकलेली. पोरगं मला म्हणालं, “सर, फसवलं की आपल्याला त्यांनी!” कोणी फसवलं नव्हतं. त्याच सूत्रात ३,००० घातले तर तोवर पंप जाण्याची शक्यता ३१ टक्के निघते, म्हणजे जवळजवळ तिनात एक. ही आकडेमोड मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होते, पण कागदावरचा मोठा आकडा दिसला की पुढचं वाचायला कुणाला धीर नसतो.

दुसरी चूक अख्ख्या यंत्राचा आकडा काढताना होते. त्याच प्रेसचे चार भाग धरा: मोटर २०,००० तास, पंप ८,०००, सोलेनॉइड व्हॉल्व्ह १०,००० आणि कंट्रोलर ४०,०००. (हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत.) चारपैकी एकही बंद पडला तरी प्रेस बंद, म्हणजे ही सिरीज जोडणी. घाईतला माणूस चौघांची सरासरी काढून १९,५०० म्हणतो. जरा शहाणा सगळ्यात कच्चा भाग धरून ८,००० म्हणतो. दोन्ही चूक. सिरीजमध्ये तास नव्हे, बिघाडांचे दर बेरजेला घ्यायचे असतात.

मी नेहमी १०,००० तासांत किती बिघाड, असंच मांडतो, म्हणजे शून्यं मोजताना गडबड होत नाही. मोटरचे ०.५, पंपाचे १.२५, व्हॉल्व्हचा १, कंट्रोलरचे ०.२५. बेरीज ३. म्हणून प्रेसचा आकडा १०,००० भागिले ३, सुमारे ३,३३३ तास. सगळ्यात कच्च्या पंपाच्या निम्म्याहूनही कमी! दोन शिफ्टमध्ये महिन्याला ४०० तास चालवलात तर सरासरी आठेक महिन्यांनी एक बिघाड. एखादा महिना बिनबिघाडाचा जाण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के. उत्तर सगळ्यात लहान आकड्यापेक्षा मोठं आलं तर कागद फाडून पुन्हा मांडा.

आता उपलब्धता, म्हणजे हवा तेव्हा प्रेस चालू मिळण्याचं प्रमाण. इथे दुरुस्तीचा वेळ मोजताना लोक फक्त पाना हातात असलेला वेळ धरतात. पंप बदलायला ६ तास लागतात हे खरं, पण तो यायला ३४ तास गेले असतील तर प्रेस ४० तास बंद होता. शिफ्टच्याच तासांत मोजून मोटरला २४, पंपाला ४०, व्हॉल्व्हला ४, कंट्रोलरला ४८ तास धरू. प्रत्येकाला त्याच्या बिघाडांनी गुणा: १२, ५०, ४, १२. म्हणजे १०,००० चालू तासांमागे एकूण ७८ तास बंद. १०,००० भागिले १०,०७८, म्हणजे ९९.२ टक्के.

या ७८ मधले ५० एकट्या पंपाचे आहेत. स्पेअर पंप कपाटात ठेवलात तर त्याचे ५० तास साडेसातवर येतात, एकूण साडेपस्तीस, आणि उपलब्धता ९९.६ टक्के. एमटीटीएफ मात्र ३,३३३ च राहिला. म्हणून महागडा पंप घेण्याआधी कपाट बघा, असं माझं मत आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्वतःच्या नोंदींवरून एमटीटीएफ काढताना न बिघडलेल्या पंपांचेही चालू तास बेरजेत घ्या, मग एकूण तासांना बिघाडांच्या संख्येने भागा. कॅलेंडरचे तास आणि चालू तास मिसळू नका. पॅनेलला अवर मीटर लावा. सील आणि बेअरिंग झिजतात, त्यांचा दर वयाबरोबर वाढतो, म्हणून वरचं सूत्र त्यांना लावू नका. ते वेळेआधी बदलण्यात फायदा आहे. दर खरोखर कायम असलेला भाग मात्र वेळेआधी बदलून काही मिळत नाही. आणि दुसरा पंप जोडून ‘आता काळजी नाही’ म्हणण्याआधी दोन्ही एकाच टाकीतलं तेल ओढतात का ते पाहा. तेल घाण झालं तर दोन्ही बरोबरच जातील.