विमा तुलनेच्या ॲपवरची यादी कशी वाचावी: आरोग्य आणि टर्म विमा घेताना कमिशनचा हिशेब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ जीएसटीच्या कामासाठी माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी एका संध्याकाळी ते फोन पुढे करून म्हणाले, "साहेब, पहिल्या नंबरवर आहे तीच घेऊन टाकू का?" पडद्यावर विमा तुलनेचे एक ॲप उघडलेले होते आणि सर्वांत वरच्या आरोग्य पॉलिसीवर 'शिफारस' अशी हिरवी पट्टी होती. त्यांचे वय 38, पत्नीचे 35, घरात दोन मुले, आणि त्यांना स्वतःला तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. त्या संध्याकाळी आम्ही जे क्रमाक्रमाने केले, तेच येथे लिहीत आहे.

आधी ॲपचा परवाना पाहा

ॲपच्या किंवा संकेतस्थळाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत परवान्याचा प्रकार लिहिलेला असतो आणि तो वाचल्याशिवाय यादीकडे वळू नये. तेथे साधारणपणे वेब ॲग्रीगेटर, ब्रोकर किंवा कॉर्पोरेट एजंट यांपैकी एक शब्द आढळतो. वेब ॲग्रीगेटर अनेक कंपन्यांच्या पॉलिसींची तुलना संकेतस्थळावर मांडतो, ब्रोकर कायद्याने ग्राहकाच्या बाजूने काम करतो, तर कॉर्पोरेट एजंट विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. कॉर्पोरेट एजंटला जीवन, सर्वसाधारण आणि आरोग्य या प्रत्येक प्रकारात जास्तीत जास्त 9 कंपन्यांशीच करार करता येतो, त्यामुळे त्याच्या यादीला बाजाराचा पूर्ण आढावा समजता येत नाही.

वेब ॲग्रीगेटरसाठी विमा नियामकाचे, म्हणजे आयआरडीएआयचे, 2017 चे नियम आहेत. त्यांनुसार पॉलिसींना क्रमांक, तारे किंवा 'सर्वाधिक खपाची' अशी बिरुदे देण्यास मनाई आहे. मात्र हे बंधन त्या परवान्यापुरते आहे आणि तुलनेच्या व्यवसायातील मोठी नावे आता ब्रोकरच्या परवान्यावर चालतात. पॉलिसीबझारने तो 2021 मध्ये घेतला. म्हणूनच 'शिफारस' अशी पट्टी दिसली की ती विक्रेत्याने लावलेली आहे, नियामकाने नव्हे, एवढे मनाशी पक्के करावे.

पैसे कोठून येतात ते समजून घ्या

ॲप तुमच्याकडून शुल्क घेत नाही. पॉलिसी विकली गेली की विमा कंपनी त्याला हप्त्याच्या ठरावीक टक्के कमिशन देते. मार्च 2023 पर्यंत प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवर कमिशनची स्वतंत्र कमाल मर्यादा होती; वैयक्तिक आरोग्य विम्यावर ती 15 टक्के होती. 1 एप्रिल 2023 पासून या स्वतंत्र मर्यादा गेल्या आणि व्यवस्थापन खर्चाच्या एकूण मर्यादेत राहून कोणाला किती कमिशन द्यायचे हे प्रत्येक कंपनीचे संचालक मंडळ ठरवू लागले. परिणामी दोन सारख्याच पॉलिसींवर विक्रेत्याला वेगवेगळी रक्कम मिळू शकते आणि ग्राहकाला पडद्यावर त्याचा मागमूसही दिसत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. कमिशन हप्त्याच्या टक्केवारीत असल्यामुळे हप्ता वाढला की कमिशनही वाढते. त्यामुळे यादीत कोण वर आहे यापेक्षा कोणते पर्याय आधीच निवडून ठेवलेले आहेत, याकडे मी अधिक बारकाईने पाहतो.

टर्म विम्यात आधीच लागलेल्या खुणा काढा

टर्म विम्यात, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच कुटुंबाला रक्कम देणाऱ्या विम्यात, पडदा उघडला तेव्हा एक कोटीचे संरक्षण 85 वर्षे वयापर्यंत आणि 'हप्ते परत' हा पर्याय निवडलेला, अशी मांडणी आमच्यासमोर आली. त्याखाली अपघाती मृत्यूचे जोडकलम, म्हणजे जादा हप्त्याचे पूरक संरक्षण, टिक केलेलेच होते. कारखान्याचे कर्ज आणि मुलांची शिक्षणे 60 व्या वर्षापर्यंत संपतील, असा त्या गृहस्थांचा अंदाज होता, म्हणून आम्ही मुदत 60 पर्यंत आणली आणि बाकीच्या खुणा काढल्या.

'हप्ते परत' या पर्यायाबाबत हिशेब मांडून दाखवतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, तुमच्या वयाला आणि तब्येतीला ते वेगळे येतील. समजा 32 वर्षांच्या व्यक्तीला 28 वर्षांच्या साध्या टर्म पॉलिसीचा वार्षिक हप्ता 12,000 रुपये आहे आणि हप्ते परत देणाऱ्या पॉलिसीचा 22,000 रुपये. दुसऱ्या पॉलिसीत माणूस 60 व्या वर्षी हयात असेल, तर त्याला 28 हप्त्यांचे 6,16,000 रुपये परत मिळतील. पण त्यासाठी त्याने दरवर्षी 10,000 रुपये जादा भरलेले आहेत. तेच 10,000 रुपये दरवर्षी 7 टक्के दराने वाढले असते, तर 28 वर्षांनी सुमारे 8,63,000 रुपये झाले असते. म्हणजे परताव्याचा दर जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास पडतो. आता हाच हिशेब विक्रेत्याच्या बाजूने करा: पहिल्या वर्षीचे कमिशन 30 टक्के धरले, तर साध्या पॉलिसीवर 3,600 रुपये आणि हप्ते परत देणाऱ्या पॉलिसीवर 6,600 रुपये मिळतात. ज्याला एकरकमी परत मिळण्याचे समाधान हवे आहे, त्याने ती जरूर घ्यावी, परंतु हा फरक पाहून घ्यावी.

त्यानंतर त्याच संरक्षणाचा दर थेट कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावा. काही कंपन्या थेट खरेदीला सवलत देतात, काही देत नाहीत. विक्रीचा मार्ग बदलला की पॉलिसीच वेगळी असू शकते, याचे चांगले उदाहरण एलआयसीचे आहे: 2024 मध्ये तिने युवा टर्म ही योजना एजंटांमार्फत आणि डिजी टर्म ही केवळ ऑनलाइन विक्रीसाठी अशा दोन योजना आणल्या. तुलना करताना जुने माहितीपत्रक हाताशी असेल, तर त्यातील 18 टक्के जीएसटी वगळावा, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावर हा कर शून्य आहे.

आरोग्य विम्यात पिनकोडचा परिणाम तपासा

सोलापूरकरांचे सर्वाधिक नुकसान येथे होते, असे माझे मत आहे, म्हणून याला जरा जास्त जागा देतो.

अनेक आरोग्य पॉलिसींमध्ये शहरांचे विभाग पाडलेले असतात. मुंबईसारखी महागड्या उपचारांची शहरे वरच्या विभागात असतात, पुण्याचा विभाग कंपनीनुसार बदलतो आणि सोलापूर बहुधा खालच्या विभागात येते. आपण 413001 टाकतो, ॲप खालच्या विभागाचा कमी हप्ता दाखवते आणि स्वस्ताईच्या क्रमाने ती पॉलिसी वर येते. परंतु काही पॉलिसींत अशी अट असते की, खालच्या विभागाचा हप्ता भरणाऱ्याने वरच्या विभागातील रुग्णालयात उपचार घेतले, तर बिलाचा काही भाग त्याने स्वतः द्यावा. यालाच को-पे म्हणतात. सोलापुरात चांगली रुग्णालये आहेत, पण मोठी शस्त्रक्रिया निघाली की आपल्यातील बरेच जण पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठतात, हे कोणत्याही घरात विचारले तरी कळेल.

आमच्या समोरच्या यादीत सर्वांत स्वस्त पॉलिसी तिच्या पुढच्या पॉलिसीपेक्षा वर्षाला साधारण 3,000 रुपयांनी कमी होती. तिच्या अटींत वरच्या विभागासाठी 20 टक्के को-पे होता आणि पुणे त्या विभागात मोडत होते. पुण्यात चार लाखांचे बिल झाले असते, तर त्यांना खिशातून 80,000 रुपये द्यावे लागले असते, म्हणजे वर्षाला 3,000 याप्रमाणे 26 वर्षांहून अधिक काळची बचत एका फेरीत गेली असती. ही अट तुलनेच्या तक्त्यात नव्हती.

ती शोधण्यासाठी प्रत्येक पॉलिसीचे ग्राहक माहिती पत्रक उघडावे. जानेवारी 2024 पासून कंपन्यांनी ते ठरावीक नमुन्यात देणे बंधनकारक आहे आणि मागितल्यास ते मराठीतूनही मिळते. त्यात को-पे, खोलीच्या भाड्याची मर्यादा आणि आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ या तीन ओळी प्रथम वाचाव्यात. प्रतीक्षाकाळ म्हणजे ज्या मुदतीत जुन्या आजारावरचा खर्च कंपनी देत नाही; तो आता 3 वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. को-पेची ओळ संदिग्ध वाटली, तर पॉलिसीच्या पूर्ण दस्तऐवजात शहरांची यादी असते, तेथे पुण्याचा विभाग पाहावा.

यानंतर यादीचा क्रम 'शिफारस' ऐवजी हप्त्यानुसार लावून, सगळे फिल्टर काढून, तीच माहिती दुसऱ्या परवान्याच्या ॲपवर भरून पाहावी. एकीकडे पहिली असलेली पॉलिसी दुसरीकडे सापडतच नसेल, तर त्या ॲपचा त्या कंपनीशी करार नाही, एवढेच कारण असू शकते.

फोन आला की दोन गोष्टी विचारा

मोबाइल क्रमांक दिल्यानंतर काही मिनिटांतच फोन आला. पलीकडची मुलगी सौजन्याने बोलत होती, पण अर्ज तिनेच भरत आणला होता आणि 'कोणताही आजार नाही' या रकान्यावर खूण केलेली होती. गृहस्थांनी रक्तदाबाचे सांगितल्यावर ती म्हणाली, "थोडासाच आहे ना सर, मग लिहायची गरज नाही, हप्ता वाढेल." विक्री पूर्ण झाल्यावरच मोबदला मिळणार असेल, तर असे सल्ले दिले जाणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच कमिशनचा हा परिणाम मला सर्वांत घातक वाटतो. दावा आल्यावर कंपनी जुनी कागदपत्रे तपासते आणि लपवलेल्या आजाराच्या आधारे तो नाकारू शकते. आरोग्य पॉलिसीची सलग 5 वर्षे पूर्ण झाल्यानंतर मात्र फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज तसे करता येत नाही. आम्ही तो अर्ज रद्द करून नवा भरला आणि त्यात गोळीचे नाव व मात्रा लिहिली.

फोनवर पहिला प्रश्न असा विचारावा: या पॉलिसीवर तुम्हाला किती टक्के कमिशन मिळते? एजंट आणि ब्रोकर यांच्या आचारसंहितेनुसार ग्राहकाने विचारल्यास कमिशनचा दर सांगणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. दुसरा प्रश्न असा: हेच उत्तर ईमेलवर पाठवाल का? टाळाटाळ झाली, तर तीही माहितीच समजावी. कमिशनमधील वाटा परत देण्याचे आमिष कोणी दाखवले, तर ते घेऊ नये. विमा कायदा 1938 च्या कलम 41 नुसार अशी सूट देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे.

हेही सांगितले पाहिजे की, कमिशन घेणारा प्रत्येक जण वाईट नसतो. दाव्याच्या वेळी रुग्णालयात येऊन कागद जुळवून देणारा गावातला एजंट तेवढेच कमिशन घेऊन पुष्कळ अधिक देतो. मी स्वतःच्या आईची पॉलिसी त्याच कारणाने एजंटकडून घेतली.

पॉलिसी हातात आल्यावर

पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवस ती परत करण्याची मुदत असते. या काळात अर्जाची प्रत उघडून आजारांचा रकाना, विभाग आणि नॉमिनीचे नाव तपासावे. चूक आढळली, तर लेखी कळवावे किंवा पॉलिसी परत करावी. कंपनीकडून 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते; सोलापूर जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या अखत्यारीत येतो.

त्या गृहस्थांनी शेवटी यादीतील चौथी आरोग्य पॉलिसी घेतली, कारण तिच्यात पुण्यासाठी को-पे नव्हता. पॉलिसी आली त्या दिवशी त्यांनी कारखान्यातील भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिसाव्या दिवशी लाल गोल काढला आणि अर्जाची छापील प्रत त्याच खिळ्याला अडकवून ठेवली.