भावंडाच्या रिसेप्शनला तीन मिनिटं बोलायचंय? एकच आठवण पुरे

भावंडाच्या रिसेप्शनमध्ये बोलायला उभे राहणारे बरेच जण भाषणाचे दोन तुकडे करतात. आधी तीन-चार विनोदी किस्से, मग "पण खरं सांगायचं तर..." असं म्हणून भावुक भाग. तुकडे वेगवेगळे चांगले असतात, पण मधला सांधा दिसतो. हसत असलेल्या माणसांना आता गंभीर व्हा असं सांगितल्यासारखं होतं. शिवाय तीन मिनिटांत चार किस्से मावत नाहीत, त्यामुळे शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा भाग घाईत उरकावा लागतो.

मला पटलेली रीत वेगळी आहे. आठवण एकच घ्यायची. आधी तिची गंमत सांगायची आणि मग तीच आठवण दुसऱ्या बाजूने दाखवायची.

आठवण कशी शोधायची

एखादा मोठा प्रसंग शोधत बसू नका, सवय शोधा. कागद घेऊन भावाची किंवा बहिणीची नेहमीची वाक्यं आणि नेहमीच्या कृती लिहून काढा. त्यातल्या ज्यांनी तुम्हाला लहानपणी वैताग आणला, त्यांवर खूण करा. मग प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: ती असं का करायची? उत्तर "तिला आमची काळजी होती" किंवा "त्याला मला एकटं सोडायचं नव्हतं" या वळणाचं आलं, तर विषय सापडला. वैतागात विनोद आहे आणि उत्तरात माया. दोन्ही एकाच जागी असल्यामुळे वेगळा सांधा लागत नाही.

मी ताईच्या लग्नात बोललो, तेव्हा माझ्या यादीत नऊ गोष्टी होत्या. निवडलं ते तिचं एक वाक्य: "दार लावलं का?" घरातून निघाल्यावर ती हे निदान तीनदा विचारायची. भाषणाचा पहिला भाग असा होता:

"ताईने आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, दार लावलं का? एकदा आम्ही सगळे सुट्टीला निघालो होतो. सात माणसं, अकरा डाग सामान, गाडीला वीस मिनिटं. स्टेशनच्या दारात ताई थांबली आणि म्हणाली, मी एकदा बघून येते. ती गेली. गाडी आली. गाडीही गेली. पाऊण तासाने ताई धापा टाकत परत आली आणि म्हणाली, लावलेलंच होतं."

हसू "लावलेलंच होतं" या शब्दांवर येतं, म्हणून ते अगदी शेवटी ठेवले. त्यानंतर "आम्ही इतके चिडलो ना!" असं काही जोडलं असतं तर ते हसण्याखाली दबून गेलं असतं. विनोदाचा शब्द वाक्याच्या टोकाला ठेवा आणि तिथे गप्प राहा.

वळण

हसू पूर्ण विरेपर्यंत थांबू नका आणि ते भरात असतानाही बोलू नका. आवाज उतरायला लागला की पुढचं वाक्य सुरू करा. "आता जरा गंभीर बोलतो" अशी सूचना अजिबात देऊ नका, कारण ती ऐकताच लोक सावरून बसतात आणि मघाचा मोकळेपणा जातो. सरळ पुढची गोष्ट सांगा:

"मग मी शिकायला बाहेर गेलो. पहिल्यांदाच एकटा राहत होतो. रोज रात्री अकराला ताईचा मेसेज यायचा: दार लावलं का? मी उत्तरही द्यायचो नाही. एके रात्री मेसेज आला नाही. तिचा फोन बंद पडला होता, एवढंच. पण मी बारा वाजता उठलो आणि दार लावलंय का ते बघून आलो. तेव्हा कळलं, ती दाराबद्दल विचारतच नव्हती."

इथे "माझी ताई खूप प्रेमळ आहे" असं वाक्य नाही. प्रेमळ, समजूतदार, खंबीर ही विशेषणं कोणाच्याही भावंडाला लागू पडतात. अकराचा मेसेज फक्त ताईचाच होता.

यानंतर जोडीदाराकडे वळायचंच. पुष्कळ भाषणं इथे चुकतात आणि नवरदेव किंवा नवरी तीन मिनिटं परक्यासारखी ऐकत राहते. मी म्हणालो, "दाजी, आता हा प्रश्न तुमच्याकडे येणार. चिडू नका. हो म्हणा, आणि तरीही एकदा उठून बघून या." हसू परत आलं, पण या वेळी ते ओलं होतं.

किस्सा चालेल का, हे कसं ओळखायचं

तो घरच्यांना अजिबात न ओळखणाऱ्या मित्राला सांगून बघा. हसू येण्याआधी "म्हणजे कसं, आमच्याकडे तेव्हा..." असं समजवावं लागलं, तर तो किस्सा जेवणाच्या टेबलापुरता ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे रूप, वजन, नापास झालेली परीक्षा, पैसे आणि जुनी प्रेमप्रकरणं यांवर विनोद नको. भावंडाने त्यावर आधी स्वतः विनोद केले असले तरी नको, कारण आज समोर सासरची माणसं बसलेली असतात. शंका असेल तर भावंडालाच विचारा. पूर्ण किस्सा सांगू नका, "त्या गाडीची गोष्ट सांगू का?" एवढंच. उत्तर द्यायला एक क्षण जरी लागला, तरी किस्सा बदला.

वेळ

मंचावरून सावकाश बोलताना माझे मिनिटाला शंभरेक शब्द होतात. तुमचे किती होतात ते फोनवर रेकॉर्ड करून मोजा, आणि मोजताना उभं राहून, मोठ्याने बोला. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी लवकर संपतं. हशा आणि विराम मिळून वीस-तीस सेकंद सहज जातात, म्हणून घरी ते अडीच मिनिटांत बसलं पाहिजे. माझ्या वेगाने ते साधारण 250 शब्द झाले. जास्त होत असतील तर सुरुवात छाटा: "मला बोलायची संधी दिल्याबद्दल" आणि पाहुण्यांचे आभार. "मी नवरीचा धाकटा भाऊ" एवढी ओळख पुरते.

गळा दाटणार ते वाक्य कुठलं, हे सरावात कळतं. माझं होतं "ती दाराबद्दल विचारतच नव्हती". तेवढंच वाक्य रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा, आणि प्रत्यक्षात ते बोलताना भावंडाकडे न बघता शेवटच्या रांगेकडे बघा. तरीही आवाज अडला तर श्वास पूर्ण सोडा, एक घोट पाणी प्या आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हणा. लोक थांबतात.

एक व्यवहाराची गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एका हातात माइक, दुसऱ्यात कागद, मग शेवटी दोघांच्या नावाने उंचवायचा ग्लास कुठे धरणार? ग्लास आधीच जवळच्या टेबलावर ठेवा. पातळ कागद थरथरला की माइकमध्ये खडखडतो, म्हणून मुद्दे जाड कार्डावर लिहा. जोडीदारासाठीचं वाक्य संपलं की कार्ड खाली ठेवा, ग्लास उचला, लोकांना आपापले ग्लास शोधायला चार-पाच सेकंद द्या, आणि मगच दोघांची नावं घ्या. नावांनंतर एक शब्दही बोलू नका. माइक खाली, ग्लास वर.