सेटलमेंट अडकलं: M1 चा उलगडा

इंदूरहून गोडा मसाला ऑनलाइन विकते. गिऱ्हाईकांचे पैसे कटत होते, पण पेमेंट गेटवेकडून माझ्या बँक खात्यात येणारं सेटलमेंट सलग तीन दिवस फेल, कोड M1. जीव टांगणीला लागला.

गेटवेच्या सपोर्टला आधी नुसतंच ‘पैसे आले नाहीत’ लिहिलं. ठरावीक उत्तर आलं. मग नीट लिहिलं: "सेटलमेंट आयडी, तारीख, रक्कम सोबत आहे. आयएमपीएसमध्ये M1 म्हणजे खातं किंवा आयएफएससी चुकीचा. तुमच्याकडे माझा कोणता आयएफएससी नोंदवला आहे?"

उत्तरात जुना कोड निघाला! माझी राजवाड्याजवळची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. खाते क्रमांक तोच, आयएफएससी नवा. नव्या चेकबुकातला रद्द केलेला चेक पाठवला. त्यांनी एक रुपया टाकून खातं तपासलं, मग अडकलेली रक्कम पुन्हा पाठवली. तोवर ती गेटवेच्या शिलकीतच सुरक्षित होती.